मॅनेजमेंटला अपडेट: घटनाक्रम सांगावा, अडचण-उपाय मांडावा की पर्यायांची तुलना करावी?

शमा_वि

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात वरिष्ठ व्यवस्थापनापुढे प्रोजेक्टचा अपडेट द्यायचा आहे. वीस मिनिटं मिळाली आहेत, त्यातली निम्मी प्रश्नांत जातील असं धरून चालले आहे. समोर पाच जण असतील: एमडी आणि ऑपरेशन्स, फायनान्स, सेल्स, आयटी यांचे प्रमुख.

आमची तीन गोदामं जुन्या स्टॉक प्रणालीवरून नव्या प्रणालीवर न्यायची आहेत. पहिलं गोदाम हलवून झालं. त्यानंतर मोजणी केली तर तफावत वाढलेली. पूर्वी शंभर नोंदींमागे एखादी चुकायची, आता चार चुकत होत्या. कारण सापडलं आहे. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रणालीतल्या वस्तूंच्या मूळ यादीत, कित्येक वस्तूंचा पॅक साइझ, म्हणजे एका खोक्यात किती नग हा आकडा, भरलेलाच नाही, त्यामुळे स्कॅनरने खोका वाचला तरी प्रणाली तो एक नग धरते. जुन्या प्रणालीत लोक हे डोक्याने सांभाळून घेत होते. आता एकूण १८,००० आयटमची सफाई सुरू आहे. ११,००० झाले, ७,००० उरलेत, दिवसाला साधारण ३५० होतात. पहिल्या गोदामाचे सगळे आयटम साफ झाल्यावर पुन्हा मोजलं तेव्हा तफावत दीडवर आली.

उरलेली दोन्ही गोदामं ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी हलवायची आहेत.

माझ्या बॉसचं म्हणणं, "सगळं सुरुवातीपासून सांग, म्हणजे त्यांना संदर्भ कळेल." त्याप्रमाणे बारा स्लाइड केल्या: करार, व्हेंडरची निवड, चाचण्या, पहिलं गोदाम, तफावत, सफाई, पुढची वाटचाल. मला स्वतःला अडचण आणि उपाय असं मांडावंसं वाटतं. टीममधला एक जण म्हणतो, पर्याय मांड आणि त्यांना निवडू दे. तिन्ही पटतात, हाच घोळ आहे.

धोंडूमास्तर

यात घोळ कसला? अडचण-उपाय. कायम अडचण-उपाय. वरच्या लोकांना तुमचा इतिहास नको असतो. काय बिघडलं, काय करताय, किती दिवस लागतील. तीन स्लाइड आणि चहा. घटनाक्रम हा ज्युनिअर लोकांचा रोग आहे, "आम्ही किती काम केलं" हे दाखवायला.

गोलमाल

मी एक छान टेम्पलेट वापरतो, टाइमलाइनचा बाण असतो आणि खाली आयकॉन. हवं असेल तर व्यनि करा. निळ्या रंगात फार प्रोफेशनल दिसतं.

शमा_वि

@गोलमाल, धन्यवाद, पण प्रश्न दिसण्याचा नाही, क्रमाचा आहे :)

पाटीपुस्तक

शमाताई, मी बरीच वर्षं असे अपडेट तयार केले, नंतर काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून ऐकलेही. त्या भरवशावर लिहितो.

तिन्हीपैकी कोणती मांडणी चांगली, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी एक वाक्य पूर्ण करा: "ही बैठक संपेल तेव्हा या पाच जणांनी ______ ठरवलेलं असेल." रिकाम्या जागेत काय येतं त्यावर मांडणी ठरते.

तिथे "अमुक उपायाला मंजुरी" येत असेल, म्हणजे उपाय एकच आहे आणि प्रश्न हो की नाही एवढाच आहे, तर अडचण-उपाय. "या दोनतीन वाटांपैकी कोणती" असं येत असेल तर तुलना. आणि "हे कसं घडलं, कुणाला कधी कळलं, पुन्हा घडेल का" याबद्दल मत बनवायचं असेल तर घटनाक्रम, कारण तिथे क्रम हाच पुरावा असतो.

आता तुमचं वाक्य सांगा. एक इशारा आधीच देतो. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून अडचण-उपाय सुचतं खरं, पण त्या उपायाला त्यांची मंजुरी हवी आहे का? सफाई तर सुरूच आहे. ७,००० भागिले ३५० म्हणजे कामाचे वीस दिवस, म्हणजे चार आठवडे. गोदामं हलवायची तीन आठवड्यांनी. खरा प्रश्न या मधल्या आठवड्यात दडलाय असं मला दिसतं.

धोंडूमास्तर

मग तीच अडचण झाली ना. "सफाई एक आठवडा उशिरा संपतेय." उपाय: तारीख एक आठवडा पुढे ढकला. बसलं की नाही माझ्या चौकटीत?

पाटीपुस्तक

बसलं, जर एक आठवडा पुढे ढकलणं हाच एकमेव शहाणा मार्ग असेल तर. तो तसा आहे की नाही हे शमाताईच सांगू शकतील.

शमा_वि

तसं नाही. आजपासून पाच आठवड्यांनी आमचा वर्षातला सर्वाधिक मागणीचा काळ सुरू होतो, तो दोन महिने चालतो. त्या काळात प्रणाली बदलायची नाही असा ऑपरेशन्सचा जुना दंडक आहे. सफाई चौथ्या आठवड्याअखेर संपेल. त्यानंतर पूर्ण मोजणीला एक आठवडा. म्हणजे बरोबर पाचव्या आठवड्याच्या शेवटी येऊन ठेपतो, हाताशी एकही दिवस नाही. एखादा दिवस चुकला की गर्दीचा काळ संपेपर्यंत थांबणं आलं. आणि थांबायचं तर जुन्या प्रणालीचं लायसन्स वाढवावं लागेल, ते तिमाहीच्याच हिशेबाने मिळतं.

म्हणजे वाक्य असं होईल: "उरलेली दोन गोदामं कधी हलवायची हे त्यांनी ठरवलेलं असेल."

पाटीपुस्तक

झालं तर मग. ही तुलना आहे. सफाईवर अर्धा वेळ घालवलात तर ते माना डोलावतील, "छान, चालू ठेवा" म्हणतील, आणि तारखेचा विषय शेवटच्या दोन मिनिटांत निघेल. तिथे तो नीट ठरत नाही, "ऑफलाइन बोलू" होतं.

खारा_वारा

धोंडूमास्तरांच्या "घटनाक्रम म्हणजे ज्युनिअरांचा रोग" या वाक्याला मात्र माझा सक्त विरोध.

मी सर्व्हर आणि नेटवर्कच्या बाजूला काम करतो. एकदा आमची ग्राहकांची सेवा बंद पडली आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनापुढे उभं राहायची पाळी आली. तिथे अडचण-उपाय मांडला असता तर उभा चिरला असता मला. कारण बिघाड सकाळीच दुरुस्त झाला होता, उपाय काय हे कुणी विचारतच नव्हतं. त्यांना हवं होतं ते असं: पहिला अलार्म पहाटे २:१० ला, ड्यूटीवरच्या माणसाने तो पाहिला २:५५ ला, ग्राहकांना कळवलं ७:३० ला. वेळा एकाखाली एक लिहिल्या की पोकळी आपोआप दिसते. पाहिल्यापासून कळवेपर्यंत साडेचार तास का गेले, यावरच पुढची सगळी चर्चा झाली. तुलना किंवा अडचण-उपाय केलं असतं तर ती पोकळी झाकली गेली असती, आणि लपवल्याचा वास आला असता तो वेगळाच.

तेव्हा विश्वास पणाला लागलेला असेल तर घटनाक्रमच. फक्त त्यात आपण काय काय केलं याची जंत्री नको. कधी कळलं, कधी ठरवलं, कधी कळवलं, एवढेच टप्पे.

धोंडूमास्तर

ओके, हे मान्य. "कायम" हा शब्द मागे घेतो. "बहुतेक वेळा" ठेवा.

नवशिका

मी दर महिन्याला विक्रीचा अपडेट देतो, महिन्यामहिन्याचे आकडे क्रमाने. वरचं वाचून घाबरलो. हे घटनाक्रमात मोडतं ना? मग मीही चुकतोय का? आमचे सेल्स हेड दर वेळी तिसऱ्या स्लाइडला म्हणतात, "बरं, मग?"

पाटीपुस्तक

@नवशिका, आकडे महिन्यांच्या क्रमाने असले म्हणून मांडणी घटनाक्रमाची होत नाही. आलेख कालानुसार असणारच. प्रश्न असा की तुम्ही बोलता कोणत्या क्रमाने. जानेवारी असा, फेब्रुवारी असा, मार्च असा म्हणत गेलात तर "बरं, मग?" येणारच. नेहमीच्या मासिक अपडेटमध्ये बहुधा ठरवायचं काही नसतं, एवढंच कळायला हवं असतं की ठरल्याप्रमाणे चाललंय का, आणि नसेल तर कुठे. म्हणजे ठरवलेलं विरुद्ध झालेलं अशी छोटी तुलना, आणि जिथे फरक पडला तिथेच थांबायचं.

ते प्रश्न मात्र नोंदवत जा. मांडणी चुकली हे ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांवरून अचूक कळतं. "बरं, मग?" म्हणजे घटनाक्रम लांबला. "दुसरं काही करता येणार नाही का?" म्हणजे तुम्ही अडचण-उपाय मांडला, पण त्यांच्या डोक्यात पर्याय आहेत. "तुम्हाला काय वाटतं?" म्हणजे तुलना केली आणि शिफारस करायची राहिली. आणि सगळ्यात वाईट, "मुळात ही अडचण आहे असं कुणी सांगितलं?" म्हणजे अडचण गृहीत धरून थेट उपायावर उडी मारली.

उंबरठा

तुलनेवरून आठवलं. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान परत येताना नष्ट झालं. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखाला लागला होता आणि यान वर असतानाच अभियंत्यांनी त्यावर स्लाइड बनवून नासाच्या लोकांपुढे ठेवल्या होत्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून वाटतं, चाचण्यांचा डेटा सुरक्षित बाजूला झुकलेला आहे, चिंता नको. आणि अगदी तळाशी बारीक ओळीत लिहिलंय की चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, तर प्रत्यक्षातला अंदाजे १,९२० घन इंचांचा. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र टिप्पणी केली, की वरिष्ठ व्यवस्थापकाने ती वाचली तर विषय जिवावरच्या धोक्याचा आहे हे त्याच्या लक्षातही येणार नाही. म्हणून म्हणतो, मांडणीपेक्षा मुख्य गोष्ट वर असणं महत्त्वाचं.

खारा_वारा

उदाहरण चांगलं, पण ते मांडणीचं नाही, बुलेटमध्ये बुलेट घालण्याच्या सवयीचं आहे.

पाटीपुस्तक

मला ते मांडणीचंही वाटतं. ती स्लाइड मुळात तुलना होती: चाचणीत काय होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. तुलनेचा जीव फरकात असतो आणि तो फरक सहाशेपटीपेक्षा जास्त होता. शीर्षकात यायला हवी होती ती हीच ओळ. वर आलं ते चाचण्यांबद्दलचं मत, आणि ती चाचणी इथे लागूच होत नाही ही गोष्ट खाली राहिली.

जमाखर्च

मी फायनान्सवाला, म्हणजे शमाच्या बैठकीत बसणाऱ्या जातीतला. तुलनेबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. दहापैकी आठ वेळा समोर येणारे तीन पर्याय हे एक खरा आणि दोन बुजगावणी असे असतात. एक पर्याय हास्यास्पद महाग, एक उघड धोक्याचा आणि मधला "योग्य". हे आम्हाला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं आणि मग आम्ही आकड्यांवर नाही, सांगणाऱ्यावर संशय घ्यायला लागतो.

दुसरं, तक्त्यात सात सात निकष. प्रशिक्षण, व्हेंडरचा सपोर्ट, कर्मचाऱ्यांचं समाधान. तिन्ही पर्यायांत सारख्याच बरोबरच्या खुणा. मग ते निकष तक्त्यात कशाला?

पाटीपुस्तक

अगदी. ज्या निकषावर पर्याय वेगळे ठरत नाहीत तो तक्त्यातून बाहेर. कुणी विचारलंच तर तोंडी सांगायचं, "ते तिन्हीत सारखंच आहे."

शमाताई, तुमचे खरे पर्याय कोणते? प्रत्येकाची बाजू मनापासून घेणारा निदान एक तरी माणूस त्या खोलीत असायला हवा. कुणीच नसेल तर तो पर्याय बुजगावणं आहे असं समजा.

शमा_वि

विचार करून लिहिते.

अ: दोन्ही गोदामं ठरल्या तारखेला. त्या दिवशी साधारण १,७५० आयटम साफ व्हायचे राहिलेले असतील. याच्या बाजूने आयटी, त्यांना जुनी प्रणाली एकदाची बंद करायची आहे.

आ: दोन्ही गर्दीचा काळ संपल्यावर. याच्या बाजूने ऑपरेशन्स.

इ: दुसरं ठरल्या तारखेला, तिसरं गर्दीनंतर. दुसऱ्या गोदामात बहुतेक माल सुटाच जातो, त्यामुळे पॅक साइझचा त्रास कमी. उरलेल्या ७,००० पैकी तिथले फक्त २,००० आहेत. ते आधी घेतले तर सहा दिवसांत उरकतील आणि मोजणीलाही वेळ राहील. याच्या बाजूने मी :) आणि बहुतेक एमडी, कारण त्यांना काहीतरी पुढे सरकलेलं दाखवायचं आहे.

धोंडूमास्तर

इ! एवढं उघड आहे तर तुलना कशाला? थेट सांगा, "दुसरं आत्ता, तिसरं नंतर", आणि मंजुरी घ्या. म्हणजे माझंच अडचण-उपाय.

पाटीपुस्तक

मास्तर, या वेळी तुम्ही अर्धे बरोबर आहात. शिफारस पहिल्याच वाक्यात यायला हवी, रहस्यकथेसारखी शेवटाला राखून ठेवायची नाही. पण ज्यांच्या मनात अ आणि आ आहेत त्यांना ते पर्याय का मागे पडले हे दिसल्याशिवाय मंजुरी टिकत नाही. बैठकीत हो म्हणतील, आठवड्याने मेल येईल.

आणि ते इतकं उघड आहे का, याचीही मला शंका आहे. शमाताई, गोदामांमधून एकमेकांकडे माल जातो का? दोन गोदामं दोन वेगळ्या प्रणालींवर असली तर त्यांच्यातल्या मालाच्या नोंदी कोण करतं?

शमा_वि

हाताने. एका बाजूने माल बाहेर, दुसऱ्या बाजूने आत, अशा दोनदा. सध्या पहिलं नव्यावर आणि बाकी जुन्यावर, तर दिवसाला अशा पंधराएक खेपा होतात. दुसरं आणि तिसरं यांच्यात किती, ते बघून सांगते.

शमा_वि

आकडा मिळाला. दुसऱ्या-तिसऱ्यात दिवसाला चाळीसच्या आसपास. पहिलं आणि दुसरं यांच्यात जेमतेम पाच. म्हणजे इ निवडला तर हाताने करायच्या खेपा पंधरावरून पन्नासवर जातील, आणि तेही ऐन गर्दीत. आता कळलं ऑपरेशन्सवाले सगळं नंतर का म्हणतात ते. त्यांनी हे कधी आकड्यात सांगितलं नव्हतं, नुसतं "जमणार नाही" म्हणायचे.

जमाखर्च

बघा. अडचण-उपाय मांडलं असतं तर हा आकडा ऑपरेशन्स हेडने बैठकीत बाहेर काढला असता.

लायसन्सचं काय? आ आणि इ मध्ये फरक आहे का?

शमा_वि

नाही. लायसन्स प्रणालीचं आहे, गोदामागणिक नाही. एक गोदाम राहिलं काय, दोन राहिली काय, तिमाहीचा खर्च तोच.

पाटीपुस्तक

मग निकष तीनच उरले: गर्दीच्या काळात चुकीचा माल जाण्याची शक्यता, हाताने करायच्या नोंदी आणि लायसन्सचा खर्च.

आता बोलायचं कसं. इथे बहुतेक जण पर्यायानुसार जातात: आधी अ चं सगळं, मग आ चं, मग इ चं. ऐकणाऱ्याला इ पर्यंत पोचेस्तोवर अ मध्ये काय होतं ते आठवावं लागतं. तुम्ही निकषानुसार जा. चुकीच्या मालाची शक्यता: अ मध्ये सर्वांत जास्त, कारण साफ न झालेले आयटम गर्दीतच सापडणार, आ मध्ये आहे तेवढीच, इ मध्ये जवळपास आ इतकीच. हाताच्या नोंदी: अ मध्ये शून्य, आ मध्ये आत्तासारख्या पंधरा, इ मध्ये पन्नास. लायसन्स: अ मध्ये नाही, आ आणि इ मध्ये सारखं. प्रत्येक निकषाला एक वाक्य, तिन्ही पर्याय शेजारी शेजारी. असं मांडलं की आ आणि इ यांच्यात फरक फक्त दुसऱ्या निकषावर उरतो हे डोळ्यांना दिसतं, आणि चर्चा आपोआप तिथे जाते: पस्तीस जादा खेपा दोन महिने सांभाळायला माणसं आहेत का, आणि त्या बदल्यात एक गोदाम लवकर हलवल्याचा फायदा नेमका किती.

लायसन्स आ-इ मध्ये सारखं असलं तरी तक्त्यात राहू द्या, कारण अ वेगळा पडतो. अ कुणी उचलून धरलाच नाही तर तो निकष सरळ गाळता येईल.

नवशिका

मग घटनाक्रमाच्या बारा स्लाइड पूर्ण फेकायच्या? बॉसने सांगितलंय ना.

खारा_वारा

फेकायच्या कशाला. पॅक साइझची गोष्ट तीन ओळींत हवीच, नाहीतर "१,७५० आयटम राहतील" म्हणजे काय हे सेल्सवाल्याला कळणार कसं? तफावत चार झाली, कारण पॅक साइझ, साफ केल्यावर दीडवर आली. संपलं. या तीन ओळी अडचण-उपायाच्याच आहेत, मास्तर खूश. करार आणि व्हेंडरची निवड मागे बॅकअपमध्ये.

जमाखर्च

बॉस सुरुवातीपासून सांग का म्हणतोय याचाही विचार कर, शमा. अनुभव असा की खालचा माणूस इतिहास सांगतो तो मेहनत दाखवायला, पण बॉस इतिहास सांगायला लावतो तो बहुतेक वेळा बचावासाठी. "व्हेंडरने पॅक साइझ विचारलाच नव्हता" हे त्याला कुठेतरी नोंदलेलं हवं असेल. तसं असेल तर वाद घालत बसू नकोस, कारणाच्या ओळीत अर्धं वाक्य घाल. आयटम मास्टर तपासणं कराराच्या व्याप्तीत नव्हतं, एवढं पुरे. त्याचं काम होईल आणि तुझी वीस मिनिटं वाचतील.

शमा_वि

@जमाखर्च, तुम्ही आमच्या ऑफिसात तर नाही ना? :D अगदी हेच आहे.

सुरुवात अशी लिहिली आहे, बघा:

"पहिल्या गोदामातल्या तफावतीचं कारण सापडलं असून सफाईनंतर ती शंभरामागे दीडवर आली आहे. उरलेल्या दोन गोदामांची सफाई मात्र ठरलेल्या तारखेच्या एक आठवडा नंतर संपते आणि त्यानंतर लगेच गर्दीचा काळ आहे. त्यामुळे आज तारखेचा निर्णय हवा आहे. आमची शिफारस: दोन्ही गोदामं गर्दीनंतर हलवावीत. तीन पर्याय आम्ही चुकीच्या मालाची शक्यता, हाताच्या नोंदी आणि खर्च या तीन निकषांवर पाहिले आहेत."

हो, मी इ वरून आ वर आले. पस्तीस जादा खेपांचं समर्थन मला करता येईना.

उंबरठा

"त्यामुळे आज तारखेचा निर्णय हवा आहे" हे पहिलं वाक्य करा. बाकी उत्तम.

धोंडूमास्तर

उलट मी म्हणेन पहिलं वाक्य आहे तसंच राहू द्या. एमडीने मागच्या वेळी तफावतीबद्दलच ऐकलं असणार. ती आटोक्यात आहे हे आधी कळलं नाही तर निर्णयाचं वाक्य तो ऐकणारच नाही, मनात तफावतच घोळत राहील.

पाटीपुस्तक

मी इथे मास्तरांच्या बाजूने. अर्ध्या वाक्याचा प्रश्न आहे, आणि मागच्या बैठकीत जे अधांतरी राहिलं ते आधी खाली उतरवलेलं बरं. पण एमडींना आधीच मेलने कळवलं असेल तर उंबरठा म्हणतात तसं करा.

एक सुचवतो. शिफारस आ ची करताय तर आयटी प्रमुखांना बैठकीआधी भेटा. जुनी प्रणाली आणखी तिमाही चालवायची हे त्यांना पाच जणांसमोर पहिल्यांदा कळू नये.

खारा_वारा

हे मला पटत नाही. आधी एकेकाला भेटून ठेवलं की बैठक नाटकाची तालीम होते. शिवाय आयटीला आधी सांगितलं तर ऑपरेशन्सला का नाही, असाही सूर निघतो. तुलना इतकी स्वच्छ आहे तर ती सगळ्यांना एकदम दिसू दे.

जमाखर्च

पाच जणांच्या बैठकीत स्वच्छ तुलनाही, ज्याचा पर्याय हरतोय त्याला हल्लाच वाटते. भेटावं असं माझं मत. पण हे प्रत्येक ऑफिसचं वेगळं असतं, इथे ठरणार नाही.

शमा_वि

आयटी प्रमुखांना आज भेटून आले. त्यांनी चौथाच पर्याय काढला: सफाईला आणखी दोन माणसं दिली तर? दिवसाला ५०० झाले तर ७,००० ला चौदा दिवस, म्हणजे ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी सफाई पूर्ण. मग मोजणीला एक आठवडा, आणि गर्दीच्या आधी आणखी एक आठवडा हाताशी.

पाटीपुस्तक

हा बुजगावणं नाही, खरा पर्याय आहे. पण ५०० हा आकडा कुठून आला? पॅक साइझ गोदामात जाऊन खोका उघडून बघायचा असेल तर माणसं वाढवून वेग तेवढा वाढतोच असं नाही, स्कॅनर आणि जागा तेवढीच असते. एकदोन दिवस जादा माणसं लावून बघता येतील का बैठकीआधी? वेग साधला तर ई घाला आणि अ काढून टाका, कारण जुनी प्रणाली लवकर बंद करायचं आयटीचं उद्दिष्ट ई मध्ये पुरं होतं. नाही साधला तर तक्त्यात घालू नका, प्रश्न आला की प्रत्यक्षातला आकडा सांगा.

शमा_वि

उद्यापासून दोन माणसं मिळतायत. परवा संध्याकाळी आकडा टाकते इथे.

गोलमाल

चार पर्यायांचं टेम्पलेटही आहे माझ्याकडे.